तीन नोव्हेंबर की अकरा मार्च?

परदेशी बदामांच्या एका पाकिटावर ०३/११/२६ असं छापलं आहे, असं समजा. भंडाऱ्यातला कुणीही ते तीन नोव्हेंबर २०२६ असंच वाचणार, कारण शाळेपासून आपण आधी दिवस आणि मग महिना लिहितो. पाकीट अमेरिकेतल्या बाजारासाठी भरलेलं असेल तर मात्र तिथे आधी महिना येतो, आणि ती तारीख अकरा मार्च २०२६ होते. फरक जवळजवळ आठ महिन्यांचा. मे महिन्यात हे पाकीट हातात धरलेल्या बाईला वाटतं की अजून सहा महिने आहेत. प्रत्यक्षात मुदत संपून दोन महिने होऊन गेलेले असतात.

दुकानदार तिला फसवतोच असं नाही. त्यानेही तीच तारीख तशीच वाचलेली असते. "घ्या न जी, एक्स्पायरीले अजून लय टाइम आहे," हे तो मनापासून सांगतो. त्याला माल नागपूरच्या इतवारीतून येतो, इतवारीवाल्याला मुंबईहून येतो, आणि या साखळीत पाकिटावरचे आकडे मराठीत समजावून सांगणारं कुणी नसतं. आपल्या देशाच्या नियमात लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावं लागतं. मराठी ऐच्छिक आहे. म्हणजे साकोली, पवनी, लाखांदूरच्या बाजारात जी माहिती सगळ्यात जास्त लागते, तीच तिथल्या माणसाच्या भाषेत देण्याची सक्ती कुणावरच नाही. मला हे अजिबात मान्य नाही. पण नियम बदलेपर्यंत पाकीट वाचायला तर शिकता येतं, म्हणून आज त्या बारीक अक्षरांविषयीच लिहितो.

तारखेचा घोळ सोडवायची सगळ्यात सोपी युक्ती अशी : एकच पाकीट बघू नका, फळीवरची त्याच मालाची चार पाकिटं उचला. त्यात एकावर ०३/१३/२६ सापडलं की वाद मिटला, कारण तेरावा महिना नसतो. म्हणजे मधला आकडा दिवसाचा, पहिला महिन्याचा, आणि शेजारचं ०३/११/२६ हे अकरा मार्चच. उलट कुठे २७/०३/२६ दिसलं तर आपलाच क्रम आहे. बारापेक्षा मोठा एक आकडा पुरेसा असतो. याला चष्मा सोडून काही लागत नाही.

चारही पाकिटांवर बाराच्या आतलेच आकडे निघाले, तर बॅच नंबर कामाला येतो. तारखेच्या वर किंवा खाली ठिपक्याठिपक्यांच्या शाईत, बहुतेक वेळा त्याच यंत्राने छापलेला, काही आकड्यांचा आणि अक्षरांचा गिचमिड पट्टा असतो. युरोपातल्या मालावर तो पुष्कळदा L या अक्षराने सुरू होतो. L म्हणजे लॉट, एका खेपेत एकत्र तयार झालेला माल. हा क्रमांक कसा रचायचा हे प्रत्येक कारखाना आपल्यापुरतं ठरवतो, त्यामुळे तो वाचण्याचं एकच सूत्र जगात नाही. पण एक रीत फार चालते : वर्षाचा शेवटचा आकडा, आणि त्यापुढे वर्षातला कितवा दिवस, तो तीन आकड्यांत. १ जानेवारी ००१, साध्या वर्षात ३१ डिसेंबर ३६५.

आपल्या पाकिटावर समजा असं आहे :

```
BEST BY 03/11/26
L5070 14:22
```

पाच म्हणजे २०२५. सत्तर म्हणजे वर्षाचा सत्तरावा दिवस. जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून ५९ झाले, सत्तराला अकरा कमी पडतात, म्हणजे अकरा मार्च. १४:२२ ही दुपारी पाकीट भरल्याची वेळ. माल ११ मार्च २०२५ ला भरला गेला आणि वरची तारीख अमेरिकी क्रमाने वाचली तर ११ मार्च २०२६ येते, बरोबर बारा महिने. आपल्या क्रमाने ३ नोव्हेंबर २०२६ धरली तर मुदत एकोणीस महिने आणि तेवीस दिवसांची होते. एवढी वाकडी मुदत सहसा कुठलाही कारखाना ठेवत नाही. सहा, नऊ, बारा, अठरा, चोवीस अशा सरळ महिन्यांत ती बहुतेक असते. हिशेब जुळला, तारीख कळली.

हा हिशेब शेजारच्या पाकिटावर एकदा तपासून घ्यावा. ०३/१३/२६ च्या पाकिटावर L5072 असेल तर तुमचं वाचन पक्कं. तारीख दोन दिवसांनी पुढे गेली आणि कोडही दोननेच पुढे गेला. तसं नसेल, कोड भलत्याच उड्या मारत असेल, तर त्या कारखान्याची रीत वेगळी आहे असं समजून तिथेच थांबावं. ओढूनताणून अर्थ काढू नये. बॅच नंबरमध्ये कारखान्याचं अक्षर, यंत्राचा क्रमांक, पाळी असं काहीही मिसळलेलं असू शकतं. मी सांगतो ती किल्ली पुष्कळ कुलपांना लागते, सगळ्यांना नाही.

इतर देशांचं थोडक्यात. जपान, चीन, कोरिया वर्ष आधी लिहितात, म्हणून नूडल्सच्या पाकिटावरचं २६.०३.११ म्हणजे ११ मार्च २०२६, सव्वीस मार्च नव्हे. थायलंडच्या देशी पाकिटांवर बौद्ध वर्ष असू शकतं, त्यातून ५४३ वजा करायचे : २५६९ म्हणजे २०२६. इराणच्या पाकिटांवर १४०४ दिसलं तर ते त्यांचं सौर वर्ष आहे, मार्च २०२५ ते मार्च २०२६ एवढं. बीबीई या तीन अक्षरांपुढे फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतची मुदत धरायची. महिना अक्षरांत छापला असेल तर कसलाच घोळ नाही.

तारीख कळली तरी ती कशाची आहे हा प्रश्न उरतोच. आपल्या दुकानांत सगळ्याला एकच शब्द आहे, एक्स्पायरी. 'बेस्ट बिफोर'ला एक्स्पायरी, 'यूज बाय'लाही एक्स्पायरी. या एका शब्दापायी चांगलं अन्न उकिरड्यावर जातं आणि वाईट अन्न पोटात जातं. दोन्ही नुकसानं एकाच वेळी होतात.

बेस्ट बिफोर ही कारखान्याने चवीबद्दल दिलेली हमी आहे. सांगितल्याप्रमाणे ठेवलंत तर या दिवसापर्यंत वास, रंग, कुरकुरीतपणा, सगळं आम्ही सांगतो तसं राहील, एवढाच तिचा अर्थ. त्यानंतर माल खाण्यायोग्य असू शकतो, फक्त आधीसारखा चांगला असेलच असं नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांतही व्याख्या याच अर्थाची आहे. सुकी शेवई, मीठ, साखर, सीलबंद डबा यांची ही तारीख आठ दिवसांनी उलटली म्हणून घाबरायचं कारण नाही. यूज बाय वेगळं. ती सुरक्षिततेची रेघ आहे. त्या दिवसानंतर तो माल विकायचाही नाही आणि खायचाही नाही, वास कितीही चांगला येवो. थंड ठेवायचं मांस, मासे, ताजं चीज यांच्यावर युरोपात ही तारीख असते. अशा मालात घातक जंतू वाढले तरी वासावरून आणि चवीवरून कळत नाहीत, म्हणून नाकावर विश्वास ठेवायचा नसतो.

भारतातल्या लेबलवर आज 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' आणि उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख, ही दोन्ही बंधनकारक आहेत. बेस्ट बिफोर हवं तर जास्तीचं लिहायचं. म्हणजे रीतसर आयात झालेल्या पाकिटावर दोन तारखा दिसायलाच हव्यात, माल कधी झाला आणि कधीपर्यंत चालेल. नुसतं 'बेस्ट बाय' आणि एकच तारीख असलेलं पाकीट भंडाऱ्याच्या दुकानात दिसलं तर माझा पहिला प्रश्न असतो की हे सीमाशुल्काच्या दारातून आलं की कुणाच्या बॅगेतून.

अमेरिकेतून बॅगेत येणाऱ्या एका वस्तूबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, ती म्हणजे तान्ह्या बाळाच्या दुधाची पावडर. मुलगी किंवा सून तिकडे असते, येताना डबे आणते, उरलेले डबे नात्यात वाटले जातात. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने खाण्याच्या ज्या एकाच मालावर तारीख सक्तीची आहे, तो हाच. बाकी सगळ्या तारखा तिथे बहुतांशी कंपन्या आपल्या मर्जीने किंवा राज्यांच्या नियमाने घालतात, आणि 'सेल बाय' ही तर दुकानदाराने माल फळीवर कधीपर्यंत ठेवावा यासाठीची खूण आहे, गिऱ्हाइकासाठी नाही. पण बाळाच्या डब्यावरची यूज बाय वेगळी आहे. डब्यावर लिहिलेली पोषणद्रव्यं पूर्ण मात्रेत आहेत याची खात्री त्या दिवसापर्यंतच असते. तान्हं बाळ दुसरं काही खात नाही. त्याला कमी पडलेलं जीवनसत्त्व भाजीपोळीतून भरून निघत नाही. आजीला डब्यावरचं ०४/०६/२६ चार जून वाटलं, तारीख होती सहा एप्रिल, तर दोन महिने नातवाला काय पाजलं जातं याचा विचार करा. हा डबा घरात आला की त्याच दिवशी मोठ्या अक्षरांत, महिन्याचं नाव लिहून, मराठीत तारखेची चिठ्ठी लावावी. उघडल्याची तारीखही त्याच चिठ्ठीवर लिहावी, कारण उघडलेल्या डब्याची मुदत वेगळी असते आणि ती साधारण महिनाभराचीच सांगितलेली असते.

आता स्वस्त मिळणाऱ्या परदेशी मालाकडे वळतो. मॉलमध्ये 'एकावर एक' च्या टोपलीत जी चॉकलेटं, बिस्किटं, पास्ता पडलेला असतो, तो इतक्या कमी मुदतीचा का असतो, याचं उत्तर २०१७ च्या आयात नियमांत आहे. परदेशी माल बंदरातून सोडवताना त्याचं शिल्लक आयुष्य एकूण मुदतीच्या निदान साठ टक्के असावं, किंवा एक्स्पायरीला निदान तीन महिने असावेत, यातलं जे कमी असेल ते. हे 'जे कमी असेल ते' नीट वाचा. बारा महिने टिकणाऱ्या बिस्किटांचे साठ टक्के म्हणजे सात महिने आणि वर थोडं. तीन महिने त्याहून कमी, म्हणून तीन महिने उरलेले असले तरी माल कायदेशीर सुटतो. दोन वर्षांच्या डब्यालाही तेच तीन महिने. पाच महिन्यांपेक्षा कमी टिकणाऱ्या मालालाच साठ टक्क्यांची अट प्रत्यक्षात लागते. मग न्हावा शेव्याहून मुंबईचं गोदाम, तिथून नागपूर, इतवारीतला ठोक व्यापारी, आणि सरतेशेवटी तुमसर. एवढ्या प्रवासात त्या तीन महिन्यांतले किती उरणार? परदेशात खपला नाही म्हणून उतरत्या मुदतीचा माल स्वस्तात उचलायचा आणि लहान गावांपर्यंत रेटायचा, याला नियमानेच वाट ठेवली आहे. ही अट सैल आहे असं माझं स्पष्ट मत आहे. किमान सहा महिने तरी हवेत, निदान ज्यांची मुदत वर्षाहून मोठी आहे त्यांना.

आयात मालावर आयातदाराची चिकटपट्टी असते. तिच्यावर काय असावं आणि काय तिच्या भरवशावर सोडू नये, हे समजलं की अर्धं काम होतं. आयातदाराचं नाव, पत्ता, प्राधिकरणाचं बोधचिन्ह आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण, या गोष्टी बंदराच्या गोदामात पट्टी लावून पुऱ्या करायची मुभा आहे. तारीख आणि बॅच नंबर त्या मुभेत येत नाहीत. ते कारखान्यातूनच पाकिटावर छापून यायला हवेत. पट्टीवर तारीख पुन्हा लिहिलेली असली तर ती मूळ छपाईशी ताडून बघायची. जुळली तर उत्तम, पट्टीवरचा महिना अक्षरांत असेल तर वाचायला मदतच. जुळत नसेल, किंवा पट्टी नेमकी मूळ तारखेवरच चिकटवली असेल, तर पाकीट परत ठेवा. पट्टीखाली दुसरी पट्टी लागत असेल, नखाला कड जाड जाणवत असेल, तर विचारायचीही गरज नाही.

परवाना क्रमांक चौदा आकडी असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे पुष्कळ बोलतात. आयातदाराला केंद्रीय परवानाच लागतो आणि केंद्रीय परवाना १०० ने सुरू होतो. महाराष्ट्राने दिलेला परवाना ११५ ने सुरू होतो, छोट्या दुकानाची नोंदणी २१५ ने. आयातदार म्हणून छापलेल्या नावापुढे ११५ किंवा २१५ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर काहीतरी चुकलंय. तो क्रमांक प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का ते घरबसल्या पाहता येतं.

खाडाखोडही ओळखता येते. मूळ तारीख बारीक ठिपक्यांची असते आणि ती थिनरने पुसली जाते. पुसलेल्या जागी चकाकी जाते, किंवा शाईची फिकट सावली राहते. पाकीट तिरकं करून उजेडात धरलं की दिसतं. नवी तारीख आणि बॅच नंबर यांच्या ठिपक्यांचा आकार वेगळा असतो, कारण ते दोन वेगळ्या यंत्रांनी छापले गेले. आणि बाहेरच्या खोक्यावरची तारीख बदलणारा आतल्या प्रत्येक कागदावरची बदलत बसत नाही. घरी नेलेला खोका उघडला की आतल्या कागदावरचा बॅच नंबर खोक्याशी जुळवून बघा. वेगळा निघाला तर तो माल त्या खोक्याचा नाहीच.

इथे कुणी म्हणेल की तारीख खरी, मुदत शिल्लक, मग बॅच नंबरशी आपल्याला काय करायचंय. २०२२ सालचं उदाहरण घ्या. फेरेरो कंपनीच्या बेल्जियममधल्या आर्लों गावच्या कारखान्यात तयार झालेल्या किंडर चॉकलेटांमुळे युरोपात साल्मोनेलाचे रुग्ण निघाले, त्यात लहान मुलं बरीच होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने कारखाना बंद केला आणि माल परत मागवला गेला. त्या चॉकलेटांच्या तारखा संपलेल्या नव्हत्या, पुढे महिने शिल्लक होते. तारखेकडे बघून कुणालाही काही कळलं नसतं. कोणतं पाकीट त्या कारखान्याचं आणि कोणतं दुसरीकडचं, हे ओळखायला पाकिटावरचीच माहिती कामी येते. म्हणून परदेशी चॉकलेट मुलांना द्यायच्या आधी वरचा कागद फेकू नका, बॅच नंबर दिसेल असा एक फोटो काढून ठेवा. माल परत मागवल्याची बातमी महिन्याभराने येते तेव्हा हाच फोटो हवा असतो.

शेवटचा मुद्दा आपल्या उन्हाचा. पाकिटावरची प्रत्येक तारीख एका अटीसह छापलेली असते, आणि ती अट तारखेपेक्षाही बारीक अक्षरांत असते : थंड व कोरड्या जागी ठेवा. युरोपातला कारखाना थंड म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अठरा-वीस अंश असतात. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहूनही वर. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपासच वितळतं. दुपारी वितळतं, रात्री पुन्हा घट्ट होतं, आणि वर पांढुरका थर येतो. लोक त्याला बुरशी समजून फेकतात. तो बुरशीचा नाही, चरबीचा थर असतो, बोट फिरवलं की विरघळतो. अपायकारक नाही, पण माल उन्हात तापला होता हे त्याने सांगून टाकलेलं असतं. अशा चॉकलेटवर सहा महिने शिल्लक दिसत असले तरी चवीची ती हमी केव्हाच गेली. बदाम, अक्रोड, शेंगदाण्याचं लोणी, ऑलिव्ह तेल यांचं जास्त बिघडतं, कारण त्यांतलं तेल खवट होतं आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की खवटपणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वीस अंशांवर वर्षभर टिकेल असं गृहीत धरलेला अक्रोड चाळीस अंशांच्या गोदामात तीनेक महिन्यांतच मान टाकू शकतो. पाकिटावरची तारीख मात्र तशीच राहते. एक दाणा फोडून जिभेवर ठेवा. जुन्या रंगासारखा किंवा शिळ्या तेलाचा वास आला की पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, तो खाऊ नका.

किमिया खजूर याच मालिकेतला, आणि आपल्या बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा. इराणमधल्या बाम भागातली ही मजाफती जात, काळी, मऊ, रसाळ. अर्धा-पाऊण किलोच्या खोक्यात येते. रमजानात तर प्रत्येक चौकात, उपवासाच्या दिवसांतही. तिच्यात पाणी जास्त असल्याने ती शीतगृहाची वस्तू आहे आणि खोक्यावरची तारीख थंड ठेवण्याच्या हिशेबानेच छापलेली असते. हातगाडीवर दिवसभर उन्हात ठेवलेल्या खोक्याला ती तारीख लागू होत नाही. काय बघायचं? खोक्याचा प्लास्टिकचा पापुद्रा फुगलेला नको. उघडल्यावर आंबूस किंवा दारूसारखा वास आला, जिभेला चुणचुणलं, तर खजूर आंबला आहे. तळाशी पातळ रस साचला असेल तर माल बराच वेळ तापला आहे. सालीवर पांढरे खडे दिसले तर घाबरू नका : ते कोमट पाण्यात विरघळले तर साखरच आहे. कापसासारखं, केसाळ दिसलं तर बुरशी, आणि ती दिसली की फक्त तेवढा एक नाही, सगळा खोका टाकावा. प्रत्येक खजूर फाडूनच खावा, कारण बुरशीची काळी भुकटी आत बियाभोवती असू शकते, ती बाहेरून दिसत नाही.

दुकानदाराला विचारा की माल फ्रिजमधला आहे की बाहेरचा, आणि त्याच्या उत्तराला बिल जोडून घ्या. बिलावर मालाचं नाव आणि जमलं तर बॅच नंबर लिहून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं. मुदत उलटलेला माल विकला गेला, तारीख खाडाखोड केलेली निघाली किंवा आयातदाराची पट्टीच नसेल, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा फोन १८००११२१००, ग्राहकांचा राष्ट्रीय मदत क्रमांक १९१५. चुकीच्या लेबलच्या मालाला कायद्यात तीन लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीसोबत तीन फोटो द्या : पाकिटाची दर्शनी बाजू, तारीख आणि बॅच नंबर एकाच चौकटीत, आणि आयातदाराची पट्टी. उरलेलं पाकीट फेकून न देता, उघडलं असेल तर बंद पिशवीत, थंड जागी जपून ठेवा. पाकीट, बिल आणि बॅच नंबर हाती असले की अधिकाऱ्याला त्याच खेपेचा माल दुकानात आणि इतवारीच्या गोदामात शोधता येतो.